मित्रानं प्राणी दत्तक घेतलाय, त्याला काय लिहू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात रस्त्यावरची पिल्लं आणि मांजरं सांभाळून त्यांना घरं शोधून देतो. पिल्लू नव्या घरी गेलं की दुसऱ्या दिवसापासून आम्हाला प्रश्न येतात, पण ते घेणाऱ्याचे कमी आणि त्याच्या मित्रमंडळींचे जास्त. काय लिहू, कधी जाऊ, पेढे नेऊ का, पोरांना नेऊ का. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

१. नुसतं 'अभिनंदन' आणि पंजांचे दोन स्टिकर पाठवले तर काय बिघडलं?

बिघडत काहीच नाही. फक्त त्या दिवशी पिल्लू आणणाऱ्या मैत्रिणीला तसे वीस-पंचवीस निरोप आलेले असतात आणि तुमचा त्यातच वाहून जातो. पिल्लू घरी आणलेल्या माणसाला एकच हवं असतं: कुणीतरी *या* पिल्लाकडे नीट बघावं. तेव्हा फोटो दोनदा बघा. एक कान वाकडा असेल, शेपटीचं टोक पांढरं असेल, पायात मोजे घातल्यासारखे रंग असतील. त्यातली एक गोष्ट निरोपात आली की निरोप तुमचा झाला. मग मैत्रिणीच्या एखाद्या जुन्या खोडीला चिमटा काढा आणि शेवटी भेटीचं सांगा. एवढं पुरे. नाव ठेवलं असेल तर नावानं लिहा. नसेल ठरलं तर तुमची दहा नावांची यादी सध्या जवळच ठेवा, घरात त्यावरून आधीच दोन तट पडलेले असतात.

२. निरोप लगेच पाठवू की दोन दिवसांनी? फोन केलेला बरा का?

लगेच पाठवा, पण लेखी. पहिल्या रात्री पिल्लू आई आणि भावंडं शोधत रडतं, घरातलं कुणी ना कुणी फरशी पुसत असतं, आणि फोन वाजला की नुकतंच झोपलेलं पिल्लू पुन्हा उठतं. व्हिडिओ कॉल तर पहिल्या दिवशी अजिबात नको. फोनमधून येणारे चार अनोळखी आवाज आणि 'इकडे बघ, इकडे बघ' हे त्याला समजत नाही, नुसता गलका ऐकू येतो. निरोपाच्या शेवटी 'उत्तर नको' एवढं लिहिलंत तर ते अर्ध्या भेटवस्तूइतकं आहे. व्हॉइस मेसेज चालेल, तो ती बाल्कनीत जाऊन ऐकेल.

३. एक नमुना पूर्ण दाखवा ना. कुठे चुकतं ते कळत नाही.

घ्या. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मैत्रिणीनं गुरुवारी अडीच महिन्यांची तपकिरी गावठी पिल्ली आणली. नाव ठेवलं चकली. तिला आलेला एक निरोप असा होता:

"अभिनंदन!! खूप पुण्याचं काम केलंस गं. बिचारीला घर मिळालं. रविवारी आम्ही सगळे येतो बघायला, मुलं पण खूप एक्सायटेड आहेत!"

लिहिणारीच्या मनात प्रेमच आहे, यात शंका नाही. पण पुण्याचा उल्लेख आला की मैत्रिणीच्या हातात प्रशस्तिपत्रक आल्यासारखं होतं, आणि त्यावर काय बोलावं ते तिला सुचत नाही. तिनं पुण्यासाठी नाही आणलं, तिला चकली आवडली म्हणून आणलं. 'बिचारी' हा शब्द चकलीला लागू होता तो मागच्या आठवड्यापर्यंत. आता ती सोफ्यावर झोपते. आणि रविवार हा चकलीचा त्या घरातला चौथा दिवस. पाच माणसं, त्यातली दोन पळणारी, ही तिच्यासाठी भेट राहत नाही, धाड होते.

तीच माया जरा वेगळी लिहू:

"चकलीबाईंना सप्रेम नमस्कार. आपला फोटो मिळाला. डावा कान उभा आहे, उजव्याचं अजून ठरलेलं दिसत नाही. आपल्या आईसाहेबांना सकाळी नऊच्या आत उठवणं आम्हा कुणाला कॉलेजपासून जमलेलं नाही. ते आपण पहाटे पाचला कराल याची खात्री आहे. त्यांच्या कोल्हापुरी चपलांतली डावी आपण घ्यावी, तिचा तसाही अंगठा तुटलाय. आपल्याला घराची जरा सवय झाली की एका शनिवारी दुपारी मी एकटीच येईन, अर्धा तास जमिनीवर बसेन आणि आपण वास घ्याल तेवढा घेऊ देईन. वार आईसाहेबांनी कळवावा. उत्तर नको, दोघी झोपा."

निरोप पिल्लाच्या नावे लिहिला की थट्टेला मोकळीक मिळते. मैत्रिणीला थेट 'तू आळशी आहेस' म्हणायची गरज राहत नाही. आणि भेट अशी कबूल केली आहे की मैत्रिणीवर कसलं ओझं नाही. कोण येणार, किती वेळ, येऊन काय करणार हे तिला कळलं, दिवस मात्र तिच्या हातात राहिला.

४. भेटीचं वचन कसं द्यायचं? 'येऊ एकदा' लिहिलं तर?

मराठीत 'येऊ की एकदा' म्हणजे येणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. उलट 'रविवारी अकराला पोचते' हेही आतताईपणाचं. म्हणून तारीख बांधू नका, निमित्त बांधा: 'तो पहिल्यांदा तुझ्या हातून खाऊन निवांत झोपला की मला कळव, त्या आठवड्यात येते.'

किती दिवस धरावेत याचा प्राणी सांभाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो. साधारण तीन दिवस नुसतं बावरलेपण, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हा काही नियम नव्हे. एखादं पिल्लू दुसऱ्या दिवशी उशीवर चढून बसतं आणि एखादा मोठा कुत्रा महिनाभर दाराकडे तोंड करून झोपतो. पण पाहुण्यानं पहिला आठवडा-दहा दिवस सोडावेत इतपत हा हिशोब उपयोगी आहे.

एक प्रकारचं वचन फार आवडतं, ते म्हणजे कामाचं: 'बुधवारी संध्याकाळी मी तासभर त्याच्याजवळ बसते, तू जाऊन केस कापून ये.' नव्या पालकाला घराबाहेर पडणं जमत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र हे पहिल्या भेटीत नको. पिल्लू तुम्हाला ओळखायला लागल्यावर, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत करा.

५. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत जायचंच नाही का?

इथे दोन टोकं दिसतात. काही जण आल्याच संध्याकाळी पोचतात, तर काही चार महिने फिरकत नाहीत.

आधी लसींचं. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मिळते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. चकलीला पहिला डोस आठव्या आठवड्यात मिळाला होता. दुसरा बाराव्यात, तिसरा सोळाव्यात, म्हणजे चार महिने होईपर्यंत तिचं संरक्षण अर्धवटच. नेमकं वेळापत्रक तिच्या डॉक्टरांचं, आपलं नाही.

या काळात भीती असते ती मुख्यतः पार्व्होची. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. हा विषाणू चिवट आहे, मातीत आणि फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. तुम्ही स्वतः आजारी पडत नाही, पण तुमच्या चपलांवरून, कपड्यांवरून तो आत जातो. म्हणून चपला दाराबाहेर, जी सवय आपल्याकडे आहेच, आणि आत शिरल्यावर साबणानं हात. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर इथे भरवसा ठेवू नका. वाटेत गल्लीतल्या कुत्र्यांना कुरवाळत आला असाल तर कपडे बदलून जा. ओळखीच्या एखाद्या घरी कुत्रा आजारी असेल तर त्या दिवशी तिथून इकडे जाऊ नका. तुमचा स्वतःचा कुत्रा 'मैत्री करायला' आत्ता नेऊ नका.

एवढं पाळलं की एकट्यादुकट्या शांत माणसानं जायला चार महिने थांबायचं कारण नाही. उलट जावंच. पिल्लू माणसांना घाबरायचं की नाही हे शिकतं ते तीन ते साधारण चौदा आठवड्यांच्या वयात. त्या काळात दाढीवाला, चष्मेवाली, काठी टेकत चालणारे आजोबा असे वेगवेगळे लोक त्यानं निवांतपणे पाहिले तर पुढे दाराची बेल वाजल्यावर ते पलंगाखाली पळत नाही. निरोपात हे गमतीनं लिहिता येतं: 'अभ्यासक्रमात दाढीवाला माणूस हा धडा असेल तर मी उपलब्ध आहे.'

६. कुत्रा नाही, मांजर घेतलंय. काही बदलतं का?

भेटीची सगळी रीतच बदलते. नवी आलेली मांजर पहिले काही दिवस कपाटामागे किंवा पलंगाखाली काढते, रात्री बाहेर येऊन खाते आणि सकाळी जणू कुणी राहतच नाही अशी गायब होते. त्यामुळे 'फोटो पाठव ना' असा तगादा लावू नका. मैत्रिणीकडेही एकच फोटो असतो, त्यात अंधार आणि दोन हिरवे ठिपके. तेवढ्यावरच लिहा:

"पलंगाखालच्या साहेबांना नमस्कार. आपले दोन डोळे मिळाले, उरलेलं अंग सवडीनं पाठवावं. पंधरा दिवसांनी मी चहाला येतेय. दर्शन झालं तर भाग्य, नाही झालं तर चहा घेऊन परत. हाका मारणार नाही, पलंगाखाली वाकणार नाही."

शेवटचं वाक्य विनोदासाठी लिहिलं असलं तरी खरोखर पाळायचं आहे. गेल्यावर जमिनीवर बसा, मैत्रिणीशी हळू आवाजात बोला आणि मांजराकडे एकटक बघू नका. ती बाहेर येऊन तुमच्याकडे बघायला लागली तर डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. मांजरांच्या जगात ही ओळखीची खूण आहे. ती जवळ आली तर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा. तिनं गाल घासला तर पहिली भेट झाली, आता लगेच उचलून घेऊ नका. कान मागे, शेपटी आपटायला लागली की हात मागे घ्या.

७. जाताना काय नेऊ? 'खाऊ घेऊन येते' असं लिहून बसलेय.

मग खाऊ मैत्रिणीला न्या. आपल्या रिकाम्या हातानं न जाण्याच्या रीतीत प्राण्याला बाधणाऱ्या बऱ्याच गोष्टी बसतात. चॉकलेट कुत्र्या-मांजरांना विषारी आहे हे आता पुष्कळांना माहीत असतं. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात हे कमी जणांना ठाऊक असतं, आणि आपल्या बेसनाच्या लाडवावर बेदाणा असतोच. कांदा आणि लसूण दोघांनाही वाईट, तेव्हा कांदेपोह्यांच्या बशीतला घास नाही. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून टोकदार होतात, तीही नाहीत.

फुलं न्यायची असतील आणि घरी मांजर असेल तर गुच्छात लिली नको. लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानंही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलवाल्याला आधीच सांगा. चघळण्याची सवय असलेल्या कुठल्याही प्राण्याच्या घरी कण्हेरही नको.

वेगळ्या ब्रँडचं खाद्य नेण्याचा मोह आवरा. अचानक अन्न बदललं की पोट बिघडतं, आणि ते साफ मैत्रिणीला करावं लागतं. न्यायच्याच तर जुन्या सुती चादरी, पंचे आणि रद्दी न्या. पिल्लाच्या घरी रद्दीला सोन्याचा भाव असतो. फरशी पुसायला फिनाइल मात्र मांजराच्या घरी नको, ते पंजांवरून चाटलं जातं आणि मांजराला बाधतं. निरोप दुरुस्त करायचा तर: 'खाऊ तुला, मागच्या सहा महिन्यांचे पेपर त्याला.'

८. बारशाचं आमंत्रण आलंय, खरोखर! काय उत्तर देऊ?

आनंदानं उत्तर द्या, आणि आत्यापण मिळत असेल तर सोडू नका. 'नाव ठेवायला आत्या हजर आहे, पाठीत धपाटे खायची तयारी ठेवून येते' इतकं लिहिलं की मैत्रीण खूश.

एक अडचण आहे. बाराव्या दिवशी बारसं म्हटलं तर चौथ्या प्रश्नातल्या हिशोबानं तोवर पिल्लाला घराच्या वेळाही कळलेल्या नसतात. वीस माणसं, पाळणा, फुगे, आणि कानात 'कुर्रर्र' हे सगळं कुत्र्याच्या कानाला झेपण्यातलं नाही. तुम्ही जवळच्या असाल तर सुचवून बघा: महिन्याभरानं, घरातल्यांसह पाच-सहा जण, फुगे नाहीत (फुटला तर एक भीती कायमची बसू शकते), आणि कुर्रर्र मैत्रिणीच्या कानात. ती ऐकणार नसेल तर तुम्ही तासभर लवकर जा आणि पिल्लासाठी आतली खोली, पाणी आणि बंद दार एवढं बघून ठेवा.

९. थट्टा किती चालते? आमच्या ग्रुपमध्ये सगळेच टोमणे मारतात.

मालकाची हवी तेवढी करा. त्याची झोप, त्याचे मोजे, त्याची 'घरात प्राणी नको' अशी जुनी भाषणं, सगळं मोकळं आहे. प्राण्याच्या दिसण्यावर मात्र जपून. आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रारी एका वाक्याच्या येतात: 'कुठल्या जातीचा आहे? गावठीच ना?' विचारणाऱ्याला माहिती हवी असते, ऐकणाऱ्याला त्यात 'नुसता गावठीच' ऐकू येतं. विचारायचं तर 'स्वभाव कसा आहे' विचारा, त्यावर तो अर्धा तास बोलेल.

मोठा गावठी कुत्रा घेतला असेल तर फोटोत कानाचा तुकडा कापलेला दिसेल. त्यावरून 'कुणी केलं रे हे, माणसं किती क्रूर' असे निरोप येतात. ती बहुतेक वेळा नसबंदीची खूण असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया होते तेव्हा भूल असतानाच कानाला ही खूण करतात, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा पकडला जात नाही. याचा अर्थ कुणीतरी त्याची काळजी घेतली होती. तेव्हा हळहळ नको. 'कानाला सरकारी शिक्का, कागदपत्रं पूर्ण दिसतात' असं लिहिलंत तर मित्र हसेल, कारण त्याला अर्थ माहीत असतो.

भित्र्या कुत्र्याच्या भित्रेपणावर, तीन पायांच्या कुत्र्याच्या पायावर आणि खरजेनं गेलेल्या केसांवर पहिल्या महिन्यात विनोद नकोत. नंतर मित्र स्वतःच करायला लागतो, तेव्हा सामील व्हा.

१०. मला कुत्र्यांची भीती वाटते. खोटं वचन द्यायचं का?

नाही, खरं लिहा. ते जास्त गोड होतं: 'तुझ्या वाघाला सांग, एक भित्रा माणूस भेटायला येणार आहे. वाघाला दोरानं बांधलेलं असावं आणि मी दाराजवळ असेन. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं नाही.'

गंमत अशी की भित्र्या माणसाची पहिली भेट कुत्र्याला बरेचदा बरी जाते. जो अंगावर वाकत नाही, डोक्यावरून हात फिरवायला धावत नाही, गप्प एका जागी बसतो, असा पाहुणा कुत्र्याला हवाच असतो. पळू नका, हात वर उचलू नका, एवढंच. घरात नको वाटत असेल तर सोसायटीच्या खाली संध्याकाळच्या फेरीत भेटा आणि दोघं-तिघं एकाच दिशेनं चाला. समोरासमोर उभं राहण्यापेक्षा बाजूबाजूनं चालणं दोघांनाही सोपं जातं.

अ‍ॅलर्जीवाल्यांनाही फेरीचाच मार्ग. अ‍ॅलर्जी नुसत्या केसांची नसते, त्वचेच्या कोंड्यातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांची असते, म्हणून 'केस कमी गळतात' या आश्वासनावर विसंबून बंद खोलीत दोन तास बसू नका.

११. आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर कुत्रा घेतलाय. त्यांना 'चकलीबाई' छाप निरोप कसा पाठवू?

काकांनाही थट्टा चालते, फक्त ती 'अहो'मधून यावी. "काका, तुमच्याकडे नवीन मंडळी आल्याचं कळलं. आता सकाळचा फिरायचा कंटाळा चालणार नाही, साहेब वेळेचे पक्के दिसतात. येत्या आठवड्यात काकूंना सोयीचं असेल तेव्हा पाच मिनिटं डोकावून जाईन. त्याच्या औषधाचं, खाण्याचं काही आणायचं असेल तर मला सांगा, मी त्या बाजूलाच जातो." ज्येष्ठांना आणून देणारं माणूस हवं असतं. खाद्याची दहा किलोची गोणी तिसऱ्या मजल्यावर नेणं हे त्यांच्या घरातलं अवघड काम असतं, म्हणून शेवटचं वाक्य विसरू नका. काका कुत्र्याला 'तो' म्हणतात की 'आमचे चिरंजीव', ते आधी ऐका आणि तसंच लिहा.

१२. तिचा आधीचा कुत्रा मागच्या वर्षी गेला. आता नवीन आणलाय. अभिनंदन करू की नको?

करा, पण 'त्याची जागा भरली' या अर्थाचं काही नको. नव्याला आणताना बहुतेकांच्या मनात अपराधीपणा असतो, आणि असं वाक्य नेमकं तिथेच लागतं. जुन्याचं नाव घ्यायला घाबरू नका. ते कुणीच घेत नाही, म्हणून तुम्ही घेतलंत की तिला बरं वाटतं: "मोती असता तर त्यानं याला पहिल्याच दिवशी सोफ्याची कोणती बाजू कुणाची ते समजावलं असतं. आता ते काम तुझ्यावर. पुढच्या आठवड्यात मला सांग, कुठली बाजू गेली ते बघायला येते."

गेल्यावर नव्याची जुन्याशी तुलना ती करेल, तुम्ही ऐका. 'हा त्याच्यापेक्षा शहाणा आहे' असं आपण म्हणायचं नाही.

१३. मित्रानं 'फॉस्टर' म्हणून ठेवलाय म्हणे. हे दत्तकच ना?

नाही. कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणं म्हणजे फॉस्टर. 'आता तो तुझाच' असं लिहिलंत तर त्याच्यावर नको तो दबाव येतो. 'पाहुणे आलेत म्हणे, मुक्काम किती?' एवढं पुरे. भेटीला जा, आणि चांगले फोटो काढता येत असतील तर काढून द्या. चांगल्या उजेडातल्या एका फोटोनं घर मिळायला खरोखर मदत होते. मुक्काम लांबत गेला आणि पाहुण्याचं नाव रेशनकार्डात चढायची चिन्हं दिसली, की मग तिसऱ्या प्रश्नातला नमुना काढा.

१४. मैत्रीण परदेशात आहे. भेटीचं वचन कसं देणार?

खरं जमणार असेल तेच. 'पुढच्या वर्षी आले तर पहिली त्याला भेटेन' हे बरं. तोवर व्हिडिओवर भेटायचं तर त्याच्या जेवणाच्या वेळी फोन करा. तुमचा आवाज आणि जेवण यांची जोडी जमली की काही आठवड्यांनी फोनमधून तुम्ही बोलायला लागल्यावर तो वाटीकडे बघायला लागतो. याचं श्रेय तुम्ही घ्या.

१५. दत्तक नाही, विकत घेतलाय. आणि दुसरीनं पोपट घेतलाय. दोघींना काय लिहू?

विकत घेतलेल्या पिल्लाचा काही दोष नाही, त्याला प्रेमानं लिहा. प्रवचन पुढे कधीतरी, मागितलं तर.

पोपटाचं मात्र वेगळं. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट किंवा स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे बेकायदा आहे. विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. ग्रुपवर अभिनंदनही नको आणि ग्रुपवर कायदाही नको. एकटीला फोन करा: 'अगं, हा ठेवता येत नाही, वनखात्याला सांगून त्यांच्याकडे देऊ, मी बरोबर येते.' महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. खिडकीतून सोडून देणं हा उपाय नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर स्वतःचं अन्न शोधता येत नाही आणि कावळे त्याला सोडत नाहीत.

१६. मी निरोप पाठवला, भेटीचं ठरलं, आणि आता कळतंय की प्राणी परत द्यावा लागला. आता?

असं होतं. घरातल्या मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला, आधीच्या मांजराशी जमेना, घरमालक अडून बसला, अशी कारणं असतात. जबाबदारीनं सोपवलेला प्राणी आम्ही परत घेतो आणि दुसरं घर शोधतो. तुमची मैत्रीण मात्र चार दिवस कुणाचा फोन उचलत नाही, कारण प्रत्येकाला तेच सांगावं लागतं. 'का गं, काय झालं?' विचारू नका. 'शनिवारी येणार होते, ते येतेच. रद्दी परत न्यायला' एवढं लिहा आणि खरोखर जा. उरलेलं खाद्य, वाट्या आणि चादरी तिला डोळ्यांसमोर नको असतील, त्या उचलून जवळच्या निवारा केंद्रात पोचवा. पाकीट फोडलेलं असलं तरी चालतं, फक्त त्यावरची मुदतीची तारीख बघून न्या.